घाई कोणाची, मुदत कशाची

चिंचवडच्या एका हॉटेलात झालेल्या संवादकौशल्याच्या शिबिरात आम्हा क्वालिटीवाल्यांना नुकतंच 'सँडविच' शिकवलं गेलं. सहकाऱ्याकडे माहिती थकली असेल तर आधी त्याच्या कामाचं कौतुक करायचं, मग हळूच मागणी ठेवायची, शेवटी पुन्हा दोन गोड शब्द. यामागे गृहीत असं की स्पष्ट बोललं की गोडी जाते, म्हणून स्पष्टपणा लपवून द्यावा. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं.

चाकणमधलं एक उदाहरण घेतो. ग्राहकाकडून तक्रार आली: पिनची कठीणता 58 ते 62 एचआरसी हवी, सापडली 54. एट-डी अहवालाची शीट सर्वांसाठी उघडली. फोर्डने 1987 साली ही पद्धत पुस्तिकेत बसवली, आज या पट्ट्यातल्या छोट्या पुरवठादारालाही ती चुकत नाही. आमच्या शीटमध्ये एकच रकाना रिकामा होता, मेंटेनन्सचा. शनिवारी रात्री भट्टीच्या तेलटाकीतला ढवळणारा पंखा ट्रिप झाला होता. तेल ढवळलं नाही की पिन सावकाश थंड होते आणि मऊ राहते. पंखा किती वाजता थांबला, किती वाजता सुरू झाला, एवढंच हवं होतं. मुदत सोमवारची होती, आणि मंगळवार उजाडला.

सँडविचवाला इथे लिहिणार, "तुमची टीम नेहमीच छान सहकार्य करते, जमल्यास तेवढं बघा, धन्यवाद." मेंटेनन्सचा माणूस हजार वेळा ऐकलेलं कौतुक वाचतच नाही, पुढे खोच येणार हे त्याला ठाऊक असतं. मधल्या वाक्यातून 'कधी' गळालेलं असतं आणि 'जमल्यास'मधून 'नाही जमलं'ची सोय केलेली असते. शिवाय ज्याचं काम खरोखर चांगलं आहे त्याचं कौतुक असं मागणीला चिकटवलं की तेही नासतं. पुढे कधी मनापासून 'छान' म्हटलं तरी तो विचारणार, "काय पाहिजे?" साहेबाला सीसीत घेण्याचा मार्ग एकदाच चालतो. आणि शीटमधला थकलेला रकाना लाल करणं? लाल तर सगळेच रकाने असतात.

सँडविचने न विचारलेला प्रश्न वेगळाच आहे: रकाना रिकामा का राहिला? आळस क्वचित असतो. एट-डीमधला मूळ कारणाचा रकाना भरणाऱ्याला कबुलीजबाब वाटतो. पंख्याचा बेल्ट बदलायचा राहिला होता का, हे न विचारताही त्याला ऐकू येतं. अशा माणसाला गोड बोलून धीर येत नाही. आपण नेमकं काय मागतोय आणि काय मागत नाही, हे सांगितल्याने येतो.

म्हणून मी घाई आणि मुदत वेगळी धरतो. घाई मागणाऱ्याची असते, मुदत कामाची. 'अर्जंट', 'लवकरात लवकर', 'आजच्या आज' ही सगळी घाई. समोरच्याला त्यात फक्त आपला घामाघूम चेहरा दिसतो. मुदतीला मागचं कारण असतं, आणि ते दाखवता येतं. इथे कारण साधं होतं. वेळ कळली तर भट्टीचे तेवढेच चार्ज अडवायचे. नाही कळली तर चार दिवसांचा माल अडकतो. प्रत्येक पिन तपासूही शकत नाही, कारण रॉकवेलचा ठसा पिनवर कायमचा उरतो.

आमच्या भागात आणखी एक मेख आहे. गुरुवारी सुट्टी, ग्राहकाची मात्र रविवारी. बुधवारी 'उद्यापर्यंत' म्हटलं तर उद्या कोणाचा? 'संध्याकाळी' म्हटलं तर पहिल्या पाळीची की दुसऱ्या? तेव्हा वार, तास आणि पाळी, तिन्ही लिहावीत. मंगळवारी सकाळी मी शीटमध्ये टॅग केलं नाही; टॅगचा मेल मेंटेनन्सचा माणूस शॉपवर वाचणार नाही हे माहीत होतं. त्याच्या फोनवर पाठवलं:

"दादा, शनिवार रात्रीचा पंखा किती वाजता थांबला आणि किती वाजता सुरू झाला, फक्त हे दोन आकडे शीटच्या 14व्या ओळीत हवेत. कारण आत्ता लिहू नका, ते आपण शुक्रवारी सकाळी बसून लिहू. शुक्रवारी दुपारी 3 ला ग्राहकाला पाठवायचंय आणि मध्ये गुरुवार आहे, म्हणून उद्या बुधवारी पहिली पाळी सुटायच्या आत, 3 पर्यंत. लॉगबुक मिळत नसेल तर आजच सांगा, मी पॅनेलची नोंद काढायला येतो."

शेवटचं वाक्य सौजन्याचं आहे असं कोणी म्हणेल. मला ते जास्त व्यवहाराचं वाटतं: 'नाही' म्हणायची जागा मुदतीच्या आधी दिली, मुदत मात्र हलवली नाही. सँडविचमध्ये नेमकं उलटं होतं.

तासाभराने त्याचाच फोन आला. शीट त्याला फक्त वाचायला उघडत होती, लिहायची परवानगी मीच दिली नव्हती. सोमवारपासून त्याचं हेच सांगायचं राहून गेलं होतं, की तो सांगायला अवघडला होता, कोण जाणे. परवानगी दिली. बुधवारी पावणेतीनला 14व्या ओळीत आकडे आले, 2:10 आणि 4:25, आणि खाली न मागितलेली एक ओळ: "बेल्टचं पण लिहू का?"