काढून टाकलेल्या माणसाविषयी काय लिहावे?

राजुरा तालुक्यात सास्ती, गौरी, पौनीच्या कोळसा खाणी आहेत आणि गडचांदूरच्या बाजूला सिमेंटचे कारखाने. या दोन्हींच्या मधल्या वाहतुकीवर, वजनकाट्यांवर, सुरक्षारक्षकांच्या ठेक्यांवर कितीतरी घरे चालतात. इथे एका ठेकेदाराकडची नोकरी गेली की माणूस दुसऱ्याच्या दारात उभा राहतो आणि तो दुसरा पहिल्याला फोन करतो : ‘‘काय हो, का काढलंत त्याला?’’

अशा वेळी बहुतेक मालकांच्या मनात एक समज पक्का असतो : खरे असेल तर बोलायला भीती नाही. दिवाणी न्यायालयात हा समज बराचसा टिकतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात विधान खरे असल्याचे सिद्ध झाले की सहसा तेवढा बचाव पुरतो. पण आपल्याकडे बदनामी हा फौजदारी गुन्हाही आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 499 होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 356 आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. या कायद्यात नुसते सत्य पुरत नाही. ते सांगणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. एका कारकुनाची नोकरी का गेली यात लोकहित कोणते, हे न्यायाधीशांना पटवणे सोपे नाही.

मालकाला खरा आधार मिळतो तो त्याच कलमाच्या नवव्या अपवादात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान बदनामी ठरत नाही. गंमत अशी की या अपवादात विधान शंभर टक्के खरे असण्याची अट नाही. अट सद्भावनेची आहे, आणि कायद्याच्या भाषेत सद्भावना म्हणजे मन स्वच्छ असणे एवढेच नव्हे. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेची मानली जात नाही. म्हणजे न्यायालय विचारते : तुम्ही पडताळले काय, सांगितले कुणाला आणि कशासाठी? ही सिद्धता देण्याचा भार आरोपीवर, म्हणजे मालकावर असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वजनकाट्यावरच्या कारकुनाला आरोपपत्र दिले. आरोप दोन : रिकाम्या ट्रकचे वजन चुकीचे नोंदवले, आणि त्यासाठी ट्रकवाल्यांकडून पैसे घेतले. अंतर्गत चौकशीत त्याला बाजू मांडू दिली, साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले. पहिला आरोप सिद्ध झाला, दुसऱ्याला पुरावा मिळाला नाही. त्याला बडतर्फ केले. आता सिमेंट कारखान्याच्या कर्मचारी विभागाने लेखी विचारणा केली.

मालकाच्या तोंडी येते ते ‘‘कोळसा चोर आहे’’. हे वाक्य चौकशीच्या कागदात कुठेच नाही. लिहिता येते ते असे : अमुक काळ काट्यावर काम केले, नोंदी चुकीच्या केल्याचा आरोप चौकशीत सिद्ध झाल्याने अमुक तारखेला बडतर्फ केले, पैसे घेतल्याचा आरोप सिद्ध झाला नाही. शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह होतो, पण तेच मालकाच्या सद्भावनेची साक्ष देते. पोलिसांत तक्रार होऊन तो निर्दोष सुटला असेल, तर तेही लिहावे. बडतर्फी त्याने आपोआप रद्द होत नाही, कारण फौजदारी खटल्यात आणि चौकशीत पुराव्याचे मोजमाप वेगळे असते. कामगार न्यायालयाने बडतर्फीच रद्द केली असेल, तर मात्र जुने पत्र पुन्हा पाठवणे धोक्याचे. काल खरी असलेली माहिती आज अर्धवट झालेली असते.

उत्तर विचारणाऱ्यालाच जायला हवे. तेच पत्र ठेकेदारांच्या व्हॉट्सॲप गटात टाकले की ज्यांनी विचारलेच नव्हते, ज्यांचे काही हित गुंतलेले नव्हते, अशांपर्यंत ते पोचते आणि नवव्या अपवादाचा आधार सुटतो. इथेच मालक अडकतात, असे मला वाटते; मजकुरापेक्षा वाटपाने.

मोठ्या उद्योगांतही वाद याच वळणावर जातो. 2016 मध्ये टाटा समूहाच्या कंपन्यांतून स्वतंत्र संचालकपदावरून नस्ली वाडियांना हटवताना त्यांच्याविषयी लिहिल्या गेलेल्या मजकुरावरून त्यांनी रतन टाटा आणि इतरांविरुद्ध बदनामीची फौजदारी तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती कारवाई रद्द केली. जानेवारी 2020 मध्ये, आपल्या नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, बदनामीचा हेतू नव्हता ही बाजू सर्वोच्च न्यायालयात नोंदली गेली आणि वाडियांनी त्या निकालाविरुद्धची आपली याचिका मागे घेतली. त्यासाठी तीन वर्षे गेली. काट्यावरचा ठेकेदार एवढा वेळ आणि वकील कुठून आणणार?

म्हणून अनेक जण फक्त तारखा आणि हुद्दा लिहून मोकळे होतात. कायदेशीरदृष्ट्या ते चालते. पण उलट टोकही असते : त्रास टळावा म्हणून बडतर्फाला ‘‘प्रामाणिक व मेहनती’’ असे प्रमाणपत्र देणे. त्यावर विसंबून नव्या मालकाने त्याला पुन्हा काट्यावर बसवले आणि पुन्हा तोटा झाला, तर खोटे प्रमाणपत्र दिल्याचा जाब विचारला जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये तर 1994 च्या ‘स्प्रिंग’ खटल्यात शिफारसपत्र लिहिताना निष्काळजीपणा केल्याबद्दल जुन्या मालकाची जबाबदारी त्या कर्मचाऱ्याप्रतीच मानली गेली. तिथला निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. तरीही चौकशीचा अहवाल समोर ठेवून, त्यातलेच शब्द वापरून पत्र लिहिणाऱ्याला दोन्ही बाजूंनी कमी घाबरावे लागते. फोनवर विचारले, तर ‘‘लेखी विचारा, लेखी सांगतो’’ एवढेच उत्तर द्यावे.