आधी कोण?

एमबीबीएसनंतरची माझी इंटर्नशिप एका सरकारी रुग्णालयात झाली. केसपेपरची खिडकी आठला उघडायची, पण तिच्यासमोर पहाटेपासून रांग लागलेली असायची. माणसे कट्ट्यावर बसत आणि त्यांच्या चपला रांगेत उभ्या असत. चपला हलवायची कोणाची हिंमत नव्हती! नंबर लागेल तसा रुग्ण आत यायचा, आणि या शिस्तीचे मला फार कौतुक होते.

एके दिवशी साडेबाराच्या सुमाराला चाळिशीतल्या एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. श्वास खोल आणि जलद, जीभ कोरडी, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. मधुमेहाची साखर आटोक्याबाहेर जाऊन रक्तात आम्ल साठले होते. सकाळी नऊपासून त्या बाहेर बाकावर निमूट बसून होत्या. त्यांच्या आधी मी कितीतरी खरूज, खोकला आणि फिटनेस सर्टिफिकेटे उरकली होती. बाई वाचल्या. पण त्या दिवशी मध्ये कोणी घुसले नव्हते, वशिला लावला नव्हता, नियम तंतोतंत पाळला गेला होता. मग अन्याय केला कोणी?

मला वाटते, चूक एका गृहीतात होती. 'जो आधी आला तो आधी' हा नियम तेव्हाच न्याय्य ठरतो, जेव्हा थांबण्याची किंमत सगळ्यांना सारखीच पडते. महाप्रसादाच्या रांगेत ती साधारण सारखी असते. दवाखान्यात नसते.

आता इथल्या आमच्या क्लिनिकची गोष्ट सांगते. आम्ही चार डॉक्टर आहोत आणि चौघांच्याही रुग्णांचे फोन एकाच रांगेत येतात. स्वागतकक्षातली मुलगी निरोप लिहून घेते आणि एक नर्स क्रमाने उलट फोन करते. कोणाला औषध भरून हवे असते, कोणाला रिपोर्ट समजून घ्यायचा असतो, तर कोणाच्या छातीत दुखत असते. पुष्कळ वर्षे आम्ही हे येईल त्या क्रमानेच करत होतो. एकदा छातीत दुखणाऱ्या एका गृहस्थांचा निरोप रिफिलच्या निरोपांमागे पाऊण तास पडून राहिला, आणि आम्ही दोन रंग केले. तातडीचे लाल, बाकीचे पांढरे. लाल असेपर्यंत पांढऱ्याला हात लावायचा नाही. मनाला मोठे समाधान वाटले.

ते फार दिवस टिकले नाही. आमच्या एका वृद्ध रुग्णाने रक्तदाबाच्या क्लोनिडीन या गोळीसाठी निरोप ठेवला होता. रिफिल, म्हणजे अर्थातच पांढरा. त्या आठवड्यात फ्लूची साथ होती आणि लाल निरोप संपेनात. पांढरे आज राहिले, उद्या राहिले. क्लोनिडीन अचानक बंद पडली तर एक-दोन दिवसांत रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर उसळू शकतो. काकांच्या गोळ्या संपल्या आणि तिसऱ्या दिवशी ते प्रचंड डोकेदुखी घेऊन इमर्जन्सीत पोचले. सोमवारचा त्यांचा निरोप खरोखरच पांढरा होता. आम्ही त्याला थांबवून थांबवून लाल केला.

माझा भाचा इंजिनिअर आहे. त्याने वहीच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. नर्सला एका फोनला सरासरी ६ मिनिटे लागतात, म्हणजे तासाला १० फोन होतात, आणि तासाला ९ निरोप येतात असे धरा. निरोप सारख्या अंतराने येत नाहीत आणि फोनही सारख्या लांबीचे नसतात, म्हणून नर्सला थोडी उसंत असूनही रांग साठते. क्रमाने घेतले तर प्रत्येकाला सरासरी ५४ मिनिटे थांबावे लागते. आता नवांपैकी तीन लाल धरा. लाल निरोपाची वाट ८ मिनिटांच्या आत येते, पांढऱ्याची ७७ मिनिटांवर जाते. आणि सगळ्यांची मिळून सरासरी? पुन्हा ५४! "मावशी, तू थांबणं कमी केलंच नाहीस, फक्त एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात वाढलंस," तो म्हणाला.

पुढचा आकडा जास्त बोलका आहे. लोकांना लवकरच कळते की 'अर्जंट' म्हटले की फोन लवकर येतो. नवांपैकी सहा लाल झाले की लालची वाट साडेतेरा मिनिटे होते आणि उरलेल्या तीन पांढऱ्यांची १३५! प्रामाणिकपणे 'घाई नाही' म्हणणारा माणूस सव्वादोन तास बसतो. उलट, नर्सचा फोन सहाऐवजी पाच मिनिटांत आटोपला, तर सगळ्यांची सरासरीच ५४ वरून १५ मिनिटांवर येते. आधी कोण यावर आम्ही डॉक्टरांनी तीन बैठका घातल्या. नर्सची पाच-दहा मिनिटे कशात जातात हे मात्र कोणी विचारले नव्हते. (ती फार्मसीच्या फोनवर संगीत ऐकण्यात जात होती.)

आता आम्ही रंग काढून टाकले आहेत. प्रत्येक निरोपावर 'केव्हापर्यंत' ती वेळ लिहितो आणि ज्याची मुदत आधी संपते त्याला आधी घेतो. कॅनडातल्या इमर्जन्सीत तातडीच्या पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीला डॉक्टरने पाहण्याची मुदत नेमलेली आहे: पहिलीला ताबडतोब, मग १५, ३०, ६० आणि १२० मिनिटे. सर्वांत हलक्या दुखण्यालाही मुदत आहे, ही त्यातली मोठी गोष्ट. आमच्याकडे छातीतल्या दुखण्याला १० मिनिटे, रिपोर्टला संध्याकाळ. रिफिलला मात्र एकच प्रश्न: गोळ्या किती दिवसांच्या उरल्या? त्यातून दोन दिवस वजा केले की मुदत निघते. सारख्या मुदतीच्या निरोपांत पुन्हा आधी आलेला आधी, म्हणजे जुना नियमही आपल्या जागी राहतो. मुदती उलटू लागल्या की ओळखावे, क्रम लावून आता भागणार नाही, दुसरी नर्स हवी.

तरी एक गोष्ट या सगळ्यातून निसटते. मुदत ठरते ती सांगणाऱ्याच्या शब्दांवर. भाषा अस्खलित असलेला आणि आवाज चढवणारा माणूस आपली तातडी नेमकी पोचवतो. आपली इथली आई-वडील मंडळी मात्र "त्रास नको द्यायला" या संस्कारात वाढलेली. मधुमेही आणि वयस्कर स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका कधीकधी छातीत न दुखता, नुसता थकवा, मळमळ किंवा धाप बनून येतो, आणि नेमक्या त्याच फोनवर "काही विशेष नाही" असे सांगतात. सरकारी रुग्णालयातल्या त्या बाईंनीही नऊ वाजता कोणी विचारले असते तर बहुधा हेच सांगितले असते.

म्हणून निरोप घेणाऱ्या मुलीच्या कागदावर मी एक प्रश्न वाढवला: काल जे करू शकत होता, त्यातले आज काय जमत नाही? गेल्या हिवाळ्यात एका आजींनी "जरा दमल्यासारखं वाटतंय, सवडीनं फोन करा" असा निरोप ठेवला. मुलीने हा प्रश्न विचारला. आजी म्हणाल्या, "जिना. काल दोनदा चढले, आज तिसऱ्या पायरीवर बसले." मुलीने मुदतीच्या जागी 'आत्ता' लिहिले आणि कागद घेऊन ती माझ्या खोलीत आली. दुसरा रुग्ण माझ्यासमोर बसलेला होता. त्याची क्षमा मागून मी उठले.