कापसाच्या यार्डातील दोन शून्ये

आदिलाबादच्या कृषी बाजार समितीच्या यार्डात दिवाळीच्या आगेमागे कापसाची आवक सुरू होते, तेव्हा बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा भाड्याची पिकअप घेऊन आलेल्या शेतकऱ्याकडून त्या जागेच्या वापराबद्दल बाजार शुल्क घेतले जात नाही. ते खरेदीदाराने भरायचे असते. 1966 च्या बाजार कायद्याने, जो आंध्र प्रदेशात झाला आणि पुढे तेलंगणाने स्वीकारला, हे दायित्व खरेदीदारावर स्पष्टपणे टाकले आहे. यार्ड, काटा, लिलाव आणि दराची नोंद या सोयी दोघेही सारख्याच वापरतात, मग एकाकडून किंमत घ्यायची आणि दुसऱ्यासाठी ती शून्य ठेवायची यामागे कोणते तर्कशास्त्र आहे, आणि ते शून्य शेतकऱ्याच्या हाती खरोखर किती पडते, हे दोन प्रश्न वरवर एकच वाटले तरी त्यांची उत्तरे वेगळी आहेत.

बाजार समिती स्वतः कापूस विकत घेत नाही आणि विकतही नाही. ती दोन गटांना एका ठिकाणी आणते आणि त्यांच्यातला व्यवहार शक्य करते. अशा संस्थेला अर्थशास्त्रात द्विपक्षीय मंच म्हणतात. एका गटातील माणसांची संख्या वाढली की दुसऱ्या गटाला मिळणारा लाभ वाढतो, हे या मंचाचे लक्षण, आणि या परिणामाला नेटवर्क इफेक्ट किंवा जालपरिणाम असे नाव आहे. जिनिंग कारखान्याच्या मालकाला रोज शेकडो क्विंटल कापूस लागतो, म्हणून जिथे आवक मोठी तिथे त्याचा खरेदीदार उभा राहतो. शेतकऱ्याला एकापेक्षा अधिक बोली हव्या असतात, म्हणून जिथे खरेदीदार अधिक तिथे तो गाडी नेतो. हे चक्र जसे वर चढते तसेच उलटेही फिरते: दोन मोठे खरेदीदार निघून गेले की बोली मंदावते, आवक दुसरीकडे वळते, आणि उरलेल्या खरेदीदारांनाही थांबण्यात अर्थ वाटेनासा होतो.

आदिलाबादच्या बाबतीत हा धोका केवळ पुस्तकी नाही. बेला, जैनथ, तामसी या भागांना पैनगंगा जवळ आहे, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो, आणि राष्ट्रीय महामार्ग 44 वरचे पांढरकवडा हेही कापसाचेच गाव आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. सीमा नंतर आली, पण पीक, नातीगोती आणि मराठी बोली दोन्ही काठांवर राहिल्या. ज्या शेतकऱ्याला दोन राज्यांतील बाजारांचे दर फोनवर कळतात, त्याच्या दृष्टीने यार्ड हा अनेक पर्यायांपैकी एक पर्याय असतो.

म्हणूनच कोणाकडून किती घ्यायचे हा प्रश्न मंच चालवणाऱ्यापुढे नेहमीच्या दुकानदारापेक्षा वेगळ्या रूपात येतो. दुकानदार वस्तूचा खर्च आणि गिऱ्हाइकाची ऐपत पाहून किंमत ठरवतो; मंचाला त्याखेरीज हेही पाहावे लागते की एक माणूस निघून गेला तर त्याच्यामागे समोरच्या गटातले किती जण जातील. जो गट किमतीला पटकन बिचकतो आणि ज्याच्या उपस्थितीवर दुसऱ्या गटाचे येणे अवलंबून असते, त्याला सवलत मिळते. ज्याला तिथे आल्याशिवाय भागत नाही, त्याच्यावर भार पडतो. वाचकाच्या हातातील हा दिवाळी अंकही याच रीतीने उभा राहतो, कारण अंकाच्या किमतीत न बसणारा खर्च जाहिरातदार उचलतो, आणि तो उचलतो ते वाचक आहेत म्हणून. सवलत वाढत वाढत शून्यापर्यंत गेली तरी ती दानधर्म नसते. त्या शून्यामुळे जमलेली आवक किंवा जमलेले वाचक हीच दुसऱ्या बाजूला विकायची वस्तू असते.

इथपर्यंतचे तर्कशास्त्र सरळ आहे, परंतु ते जसेच्या तसे यार्डाला लावले तर मोठी चूक होते. फ्रान्समधील तुलूझ येथील ज्यां-शार्ल रोशे आणि ज्यां तिरोल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2003 पासूनच्या लेखनात (तिरोल यांना 2014 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले) एक कसोटी मांडली: एकूण शुल्क तेवढेच ठेवून ते एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर सरकवल्याने व्यवहारांच्या संख्येत फरक पडत असेल, तरच तो बाजार खऱ्या अर्थाने द्विपक्षीय होय. दोन्ही बाजू आपसात भाव ठरवून शुल्काचा भार एकमेकींवर ढकलू शकत असतील, तर पावती कोणाच्या नावाने फाडली याला महत्त्व उरत नाही.

यार्डातील लिलाव हा असा भाव ठरवण्याचाच प्रकार आहे. समजा, एका क्विंटल कापसासाठी कारखान्याला सगळे मिळून सात हजार रुपयांपर्यंत खर्च परवडतो, आणि हिशोबापुरते शुल्क शेकडा एक धरले. शुल्क खरेदीदाराने भरायचे असेल तर तो 6931 रुपयांच्या आसपास थांबेल, कारण त्यावरचे सुमारे 69 रुपये समितीला द्यायचे आहेत हे त्याला बोली लावतानाच ठाऊक असते. तेच शुल्क शेतकऱ्याकडून घेतले असते तर बोली 7000 पर्यंत गेली असती आणि 70 रुपये वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती 6930 पडले असते. दोन रीतींमधला फरक एका रुपयाहून कमी आहे. पावतीवर शेतकऱ्याच्या रकान्यात शून्य असते, पण बोलीच्या आकड्यात ते शुल्क आधीच वजा झालेले असते. गाडीचे भाडे चढलेले, कापूस ओट्यावर उतरवलेला, परत नेण्याची सोय नाही, अशा अवस्थेत त्या दिवशीचा भार प्रामुख्याने विकणाऱ्याकडेच सरकतो.

मग शेतकऱ्यासाठीचे शून्य निरर्थक म्हणायचे का? तसे म्हणता येत नाही, कारण यार्डात एक नव्हे तर दोन शून्ये आहेत आणि त्यांचे वर्तन निरनिराळे आहे. व्यवहाराच्या रकमेवर टक्केवारीने लागणारे शुल्क भावात मिसळते. फाटकातून आत येण्याचे शुल्क मात्र मिसळत नाही: गाडीमागे शंभर रुपये फाटकावर घेतले असते, तर बोलीच्या वेळी ते खर्च होऊन गेलेले असते, ते भरले म्हणून कोणताही खरेदीदार शंभर रुपये वाढवून देणार नाही, आणि भाव पटला नाही तर ते बुडीत जाणार हे शेतकऱ्याला घरूनच कळत असते. दोन-तीन क्विंटल घेऊन येणारा अल्पभूधारक अशा वेळी गावातल्याच व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा होईल. प्रवेशाचे शून्य, ज्याची पावतीही फाटत नाही, तेच आवक जमवते, आणि म्हणून दोहोंत तेच अधिक मोलाचे आहे.

टक्केवारीचे शून्यही एका परिस्थितीत खरे ठरते. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे यार्डातल्या बोलीत ज्याला सगळे सीसीआय म्हणतात, ते हमीभावाने खरेदी करते तेव्हा भाव आधीच जाहीर झालेला असतो. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये ठरला. महामंडळाला बाजार शुल्क भरायचे आहे म्हणून हा आकडा शेकडा एकने खाली आणता येत नाही. भार ढकलण्याचा रस्ता बंद झाला की पावतीवर ज्याचे नाव, त्याच्याच खिशातून पैसे जातात, आणि रोशे-तिरोल यांची कसोटी इथे पुरी होते. कार्ड किंवा यूपीआयच्या व्यवहारात हेच घडते: दुकानदार रोखीला एक आणि फोनवरून दिलेल्या पैशाला दुसरी किंमत सहसा सांगत नाही, म्हणून शुल्क कोणावर बसवले याला तिथे वजन येते. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयवरचे दुकानदाराचे शुल्कही शून्य झाले. दोन्ही बाजूंना शून्य असलेला मंच तिसऱ्या कोणाच्या तरी पैशावरच चालू शकतो, आणि म्हणून केंद्र सरकारने 2024-25 साठी छोट्या रकमांच्या व्यवहारांवर बँकांना प्रोत्साहन म्हणून सुमारे 1500 कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

भाव बांधलेला असला की ताण भावाखेरीजच्या गोष्टींवर येतो, आणि आदिलाबादेत तो ओलाव्यावर येतो. हमीभाव आठ टक्के ओलाव्याच्या कापसासाठी असतो. त्यावरच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का किंमत कापली जाते आणि बारा टक्क्यांपुढे कापूस नाकारला जातो. बोंडात पाणी असेल तर वजन पाण्याचे भरते, म्हणून नियमामागचे कारण रास्त आहे. परंतु मीटरची दांडी ढिगात कुठे खुपसली, सकाळच्या दवात की दुपारच्या उन्हानंतर, यावर मीटरवरचा आकडा बदलतो. बारा टक्के ओलाव्याला क्विंटलमागे सुमारे 324 रुपये जातात, तर शेकडा एकच्या शुल्काची रक्कम 81 रुपये होते. यार्डातील बहुतेक तंटे शुल्कावरून न होता मीटरवरून का होतात, याचा उलगडा या दोन आकड्यांत आहे.

महाराष्ट्रात अडतीचा वाद याच प्रश्नाचे दुसरे रूप होते. अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असा आदेश डिसेंबर 2014 मध्ये पणन संचालकांनी काढला आणि तो लगेच स्थगित झाला. पुढे 2016 मध्ये फळे आणि भाजीपाल्याच्या बाबतीत तशी तरतूद झाली. केवळ पैशाच्या हिशोबाने पाहिले तर वरच्या 6931 आणि 6930 च्या उदाहरणाप्रमाणे तिथेही फार फरक पडू नये. परंतु अडत्या हा शेतकऱ्याचा प्रतिनिधी असतो, आणि त्याचा मेहनताना समोरची बाजू देऊ लागली की त्याने कोणाच्या बाजूने घासाघीस करायची, हा प्रश्न उभा राहतो. भार सरकवताना निष्ठाही सरकते, याकडे त्या वादात पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

शेवटी शेतकऱ्याच्या उत्पन्नात मोठा फरक पाडणारी गोष्ट शुल्क नसून समोरची गर्दी आहे. पुन्हा सात हजारांचेच उदाहरण घेतले, आणि शुल्क क्षणभर बाजूला ठेवले, तर बोली तिथे थांबते जिथे दुसरा खरेदीदार माघार घेतो: दुसऱ्याला 6950 परवडत असतील आणि तिसऱ्याला 6700, तर भाव 6950 च्या वर कुठेतरी ठरेल, तो दुसरा त्या दिवशी आलाच नाही, तर 6700 च्या वर थोडे चढून लिलाव संपू शकेल. एका खरेदीदाराच्या गैरहजेरीने अडीचशे रुपयांपर्यंत नुकसान होते, शुल्काच्या तिपटीहून अधिक. बाजार समित्या शुल्काचा दर आणि दिवसाचा भाव फलकावर लावतात. त्याच फलकावर, त्या दिवशी प्रत्यक्ष बोली लावणाऱ्या खरेदीदारांची संख्याही रोज लिहावी, आणि शेतकऱ्यांनी गाडी भरण्यापूर्वी भावासोबत तीही फोनवर विचारावी.