आठ नावे आणि एक गळके तुडूम

गेल्या उन्हाळ्यात गोंदियात प्राध्यापकांची एक कार्यशाळा झाली. विषय होता नव्या अभ्यासक्रमातला क्षेत्रप्रकल्प. विद्यार्थ्यांचे गट करायचे, त्यांना गावात पाठवायचे आणि शेवटी एक अहवाल घ्यायचा. गटात दोघे राबतात आणि बाकीचे नाव लावतात, अशी तक्रार कोणीतरी मांडली. त्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सामूहिक कामात अंग चोरणं हा पाश्चात्त्य रोग आहे. एकेकट्या माणसांचा समाज, तिथलेच प्रयोग आणि तिथलेच निष्कर्ष. आपल्याकडे रोवणीला अख्खं गाव बांधीत उतरतं. तिथं कोण अंग चोरतं?" सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझे मत वेगळे होते, तरी मी बोललो नाही. चाळीस माणसे एका बाजूला असली की तोंड उघडत नाही, एवढे त्या दिवशी मला स्वतःवरूनच कळले. तेव्हा न दिलेले उत्तर इथे देतो.

रोवणीपासूनच सुरुवात करतो, कारण माझे बालपण धुऱ्यावर गेले आहे. बांधीत दहा-बारा बाया एका रांगेत वाकतात आणि परे लावत मागे मागे सरकतात. प्रत्येकीच्या पुढ्यात तिने लावलेला पट्टा असतो. एखादी रेंगाळली तर पाच मिनिटांत रांग वाकडी होते. रोप विरळ लावले तर धुऱ्यावरून दिसते आणि पंधरा दिवसांनी आणखी स्पष्ट दिसते. तिथे अंग चोरले जात नाही, कारण चोरलेले लपत नाही. माझ्या सहकाऱ्यांनी हे श्रेय संस्कृतीला दिले. मी ते आधी रांगेला देतो. आता प्रकल्पाची फाइल पाहा. चाळीस पाने, एकच टंक आणि मुखपृष्ठावर आठ नावे. कुठले पान कोणी लावले हे कुठल्या धुऱ्यावरून दिसणार?

या प्रश्नाचा पहिला धागा एका शेतकी अभियंत्याच्या हाती लागला, याचे मला फार अप्रूप वाटते. फ्रान्सचा माक्स रिंगेलमान घोडे, बैल, माणसे आणि यंत्रे यांच्या ओढण्याच्या ताकदीचा अभ्यास करत होता. १८८० च्या दशकात त्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. एकटा माणूस जेवढा ओढतो, त्याच्या आठपट जोर आठ माणसे मिळून लावत नाहीत. आठांच्या गटात माणशी जोर निम्म्याच्या आसपास येतो. हे निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले. रिंगेलमानला मुख्य कारण वाटले ते ताळमेळाचे: सगळे एकाच क्षणी हिसका देत नाहीत, म्हणून जोर वाया जातो. म्हणजे माणूस आळशी नाही, दोर आळशी आहे, असे म्हणायला जागा होती.

ती जागा १९७४ मध्ये बंद झाली. अ‍ॅलन इंगम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोराच्या पुढच्या टोकाला उभे केले. मागे उभी असलेली माणसे प्रयोगकर्त्यांचीच होती. ती ओढण्याचा आव आणत, ओढत मात्र नसत. आता ताळमेळ बिघडायचा प्रश्नच नव्हता, कारण ओढणारा एकटाच होता. तरीही मागे माणसे आहेत असे वाटताच त्याचा जोर कमी झाला. त्याला कोणी आळस शिकवला नव्हता आणि आपण कमी ओढतो आहोत हे त्याला ठाऊकही नसावे. मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. प्रकल्पात मागे राहणारा मुलगा वाईट असतो ही माझी जुनी समजूत त्याने मोडली. १९७९ मध्ये बिब लॅटाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्यात आणि ओरडण्यात हेच दाखवले. दोन वर्षांनी त्याच मंडळींना आढळले की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार असे सांगितले की ही घट जवळजवळ नाहीशी होते. शेवटी धुरा हाच उपाय निघाला.

इथपर्यंत लिहून मी सहकाऱ्यांना निरुत्तर केले असे समजत होतो. पण प्रामाणिकपणे पुढचेही सांगायला हवे. ख्रिस्तोफर अर्ली यांनी अमेरिकी आणि चिनी प्रशिक्षणार्थी व्यवस्थापकांना कार्यालयीन कामे देऊन तुलना केली आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. एकेकट्याने जगणे मानणारे लोक गटात ढिले पडले, समूहाला मानणारे पडले नाहीत. म्हणजे ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य होते आणि ते मला मान्य करावे लागते. मात्र अर्ली यांच्याच १९९३ च्या अभ्यासात एक अट पुढे आली: समूहाला मानणारा माणूस आपल्या माणसांत जीव तोडून राबतो, परक्यांच्या गटात तसा राबत नाही. मग सरळ उपाय सुचतो. मुलांना आपापल्या मित्रमैत्रिणींचे गट करू द्या. मी दोन वर्षे तेच केले. अंग चोरण्याच्या तक्रारी खरेच घटल्या. आणि मग एका तलावाने मला दुसरा रोग दाखवला.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावाचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंनी आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते सरकारकडे आले. हा तलाव पूर्वी उन्हाळाभर पाणी धरायचा, आता फेब्रुवारीतच तळाला जातो. का, हे शोधायला आठ जणांचा गट गेला. सगळे एकमेकांचे जिवलग, कामाला वाघ. त्यांनी गावात पाच फेऱ्या मारल्या, छायाचित्रे काढली, बेशरमाची झुडपे किती पसरली ते नोंदवले. निष्कर्ष काढला: गाळ साचला. अहवाल देखणा होता.

तोंडी परीक्षेत मी एका मुलीला एकटीला सहज विचारले, "तुझे वडील त्याच तलावात मासेमारी करतात ना? ते काय म्हणतात?" ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "सर, तुडूम गळते. हिवाळाभर पाणी पाटानं जाते. बाबा दोन वर्षांपासून सांगून राहिले." तुडूम म्हणजे तलावातून पाटाला पाणी सोडायचे तोंड. मी विचारले, "मग अहवालात का नाही?" ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी सगळ्यांनी गाळच म्हटलं. मग माझंच चुकत असंल असं वाटलं."

तिचे चुकत नव्हते. गाळाने तलावात पाणी कमी मावते, पण साठलेल्या पाण्याची पातळी उतरण्याचा वेग त्याने फारसा वाढत नाही. हिवाळ्यात इकडे बाष्पीभवनाने दिवसाला तीन-चार मिलिमीटर पाणी जाते, म्हणजे आठवड्याला दोन-तीन सेंटिमीटर. सिंचन बंद असताना पातळी त्याहून पुष्कळ जास्त उतरत असेल, तर पाणी कुठून तरी निसटते आहे. ते जमिनीत मुरते की तुडुमातून जाते, हे कोरड्या दिवसांत पाटाशी जाऊन उभे राहिले की कळते. खांबावर खुणा करून दर रविवारी पातळी टिपली असती तर एका महिन्यात उलगडा झाला असता. आठांपैकी कोणालाही ते सुचले नाही, कारण उत्तर पहिल्याच दिवशी ठरले होते. गाळमुक्त धरणाची सरकारी योजना २०१७ पासून गावोगावी ठाऊक आहे. जे सगळ्यांना ठाऊक असते त्याचीच गटात चर्चा होते आणि जे एकालाच ठाऊक असते ते मागे पडते. स्टॅसर आणि टायटस यांनी १९८५ मध्ये प्रयोगाने हेच दाखवले.

अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये गटाच्या या एकसुरी विचारावर पुस्तक लिहिले. अमेरिकेच्या अध्यक्षाभोवतीच्या हुशार माणसांनी १९६१ मध्ये क्युबावरच्या फसलेल्या स्वारीला मान्यता कशी दिली, हे त्यात आहे. त्यांच्या मते घट्ट जवळीक हे या रोगाचे मोठे मूळ. म्हणजे अंग चोरणे थांबवायला मी जी जवळीक वापरली, तिनेच त्या मुलीचे तोंड बंद केले. कार्यशाळेत हे दोन रोग एकाच नावाखाली मांडले जातात आणि 'गटभावना वाढवा' हे एकच औषध सांगितले जाते. माझा खरा आक्षेप इथे आहे. एका रोगाचे ते औषध दुसऱ्याला खतपाणी घालते.

पुढच्या वर्षी त्याच तलावावर चौघांचा गट पाठवला. चौघे ओळखीचे होते, पण एकाच कंपूतले नव्हते. एकाकडे पाळ आणि सलांग, म्हणजे सांडवा. दुसरीकडे तुडूम आणि पाट. तिसऱ्याकडे पाणलोट आणि गाळ. त्याने डोंग्यातून ठरलेल्या जागी बांबू रोवून गाळाची खोली मोजायची. चौथीकडे मासेमार आणि शेतकरी यांच्या मुलाखती. प्रत्येकाची वही वेगळी, हाताने लिहिलेली, फेरीच्या तारखेसह. शंभरपैकी साठ गुण वही आणि तोंडी परीक्षेचे, चाळीस गटाच्या अहवालाचे. तोंडी परीक्षेत चिठ्ठी काढून दुसऱ्याच्या भागावरही प्रश्न, नाहीतर चार वेगळे प्रकल्प एका फायलीत शिवले जातात. झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणण्याचा मार्गही या वहीने बंद झाला.

हे झाले अंग चोरण्यावर. तोंड उघडण्यासाठी एकच नियम ठेवला. पहिल्या फेरीनंतर, एकत्र बसण्याआधी, प्रत्येकाने तलाव का आटतो याचे कारण आणि ते कशावरून, हे कागदावर लिहून माझ्याकडे द्यायचे. मग बैठकीत चारही कागद नावांशिवाय वाचायचे. गटप्रमुखाने शेवटी बोलायचे. दोन कागदांवर गाळ होता, एकावर जंगलतोड, एकावर तुडूम. भांडण झाले आणि त्या भांडणातूनच खांबावर खुणा झाल्या.

हे सगळे जमले असे नाही. एकाला मुद्दाम विरोधक नेमायचाही प्रयोग मी केला. तो पोकळ निघाला, कारण हा नेमलेला विरोध आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. शार्लन नेमेथ यांच्या अभ्यासातही खऱ्या असहमतीपुढे असा विरोध फिका पडतो. मुलांना गटातल्या सोबत्यांना गुण द्यायला सांगितले तर ती सर्वांना सारखेच देतात. त्याऐवजी 'कोणाच्या कोणत्या नोंदीमुळे निष्कर्ष बदलला?' असे विचारले की खरी उत्तरे येतात. आणि वेळ लागतो. ऐंशी मुलांची तोंडी परीक्षा प्रत्येकी सहा मिनिटे घेतली तर आठ तास होतात. गट प्रकल्प शिक्षकाचा वेळ वाचवतो म्हणून जे तो देतात, त्यांनी तो देऊ नये.

यंदाचे गट पाडायला तुमच्याकडे अजून वेळ असेल. यादी लावण्याआधी प्रत्येक मुलाचा एक कागद एकट्याने लिहून घ्या, एवढीच विनंती.

आठ जणांचा तो पहिला अहवाल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. त्यात कारण गाळ असे छापले आहे आणि त्या मुलीचे नाव पाचवे आहे. त्याला त्या वर्षीचे सर्वाधिक गुण मिळाले, आणि ते मी दिले होते.