थकव्याचे ऋण

नाशिकरोडला दवाखाना थाटून आम्हांस 33 वर्षे झाली. सकाळी नऊ ते एक या वेळेत 60 रुग्ण तपासायचे, म्हणजे एका जिवाच्या वाट्याला चार मिनिटे. यालाच आम्ही सेवा समजत होतो.

एका मधुमेही बाईंची साखर काही केल्या उतरेना. आम्ही तीनदा गोळ्यांची मात्रा वाढवली. चौथ्या खेपेस त्या ओशाळून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मालकांचं काम सुटलंय, गोळी एक दिवसाआड घेते." आम्ही एकदाही विचारले नव्हते. त्यांनी वाढीव मात्रा नेमाने घेतली असती, तर साखर धोक्याइतकी खाली गेली असती. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 मध्ये मोफत दवाखान्यांत राबणाऱ्यांच्या अशा अवस्थेचे वर्णन केले. ते स्वतःही त्या थकव्यातून गेले होते. पुढे क्रिस्टिना मासलाक यांनी तिची तीन अंगे सांगितली: मन रिते होणे, माणसांविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे. साधा शीण रविवारच्या विश्रांतीने उतरतो. हा उतरत नाही. आमच्यात दुसरे अंग आधी दिसले. रुग्णांची नावे जाऊन "ती शुगरवाली" एवढेच उरले होते.

आम्ही 40 रुग्णांवर आलो; प्रत्येकाला सहा मिनिटे. केवळ रक्तदाब मोजून घेणाऱ्या बाराजणांना परिचारिका पाहते, आठजणांना शेजारच्या तरुण डॉक्टरांकडे पाठवतो. फी वाढवली नाही, त्यामुळे मिळकत घटली. काही जुनी कुटुंबे रुसली, ती परत आली नाहीत.

मग प्रश्न उरतोच: दारी आलेल्याला परत पाठवणे हे पाप नव्हे काय? मार्कच्या शुभवर्तमानात शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून येशूने त्यांना एकांती विसाव्यास नेले. पण लोकसमुदाय आधीच तेथे पोहोचला आणि प्रभूला त्यांचा कळवळा आला. विसावा मोडला; तरी त्याची गरज खोटी ठरली नाही. कळवळा येण्यासाठीही मनात काही शिल्लक असावे लागते. आमच्याजवळ ते उरले नव्हते.

आमची मुले मार्गी लागली आहेत, म्हणून आम्हांस मिळकतीला कात्री लावता आली. कंत्राटावर रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला ती लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ही अवस्था आजार नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी घटना म्हणून नोंदवली. तेव्हा तिचा उपाय एकट्या थकलेल्यावर सोपवता येत नाही. आमच्याच परिचारिकेवर आम्ही बाराजणांचे ओझे टाकले आहे. तिची दुपारची पाळी आता एक तास कमी केली आहे. ते पुरेसे आहे का, हे तिलाच विचारायला हवे, आणि या वेळी आम्ही विचारणार आहोत.