वेळापत्रकातील मोकळे रकाने

छापील वेळापत्रकातील आकड्याचा निम्मा अर्थ त्या आकड्यात असतो आणि उरलेला निम्मा तो ज्या जागी छापलेला असतो त्या जागेत असतो. ‘२३.१५’ ही नोंद ठाण्याच्या ओळीत व सुटण्याच्या रकान्यात असते म्हणूनच ती गाडी ठाण्याहून सव्वाअकराला सुटते असे आपण म्हणू शकतो. तोच मजकूर कागदावरून किंवा पडद्यावरून उचलून साध्या अक्षरांच्या रूपाने दुसरीकडे चिकटवला की आकडे सगळे शाबूत राहतात, परंतु रेघा, रकाने आणि मोकळ्या जागा नाहीशा होतात. अशा मजकुरापासून स्थानकवार आगमन-प्रस्थानाचा तक्ता सिद्ध करणे हे वरकरणी नकलनविसाचे काम वाटते. वस्तुतः ते हरवलेल्या जागेचा अर्थ पुन्हा प्रस्थापित करण्याचे, म्हणजे अर्थनिर्णयाचे काम आहे.

उदाहरणादाखल मुंबई-सोलापूर मार्गावरील रात्रीची एक कल्पित गाडी घेऊ. चिकटवलेला मजकूर असा आहे :

```
मुंबई सीएसएमटी २२.४० दादर २२.५० ठाणे २३.१३ २३.१५
कल्याण २३.३५ २३.३८ कर्जत ०.१८ ०.२० लोणावळा १.०८ १.१०
पुणे २.१० २.१५ दौंड ३.३३ ३.३५ कुर्डुवाडी ४.५३ ४.५५
सोलापूर ६.३०
```

जेथे दोन वेळा आहेत तेथे पहिली आगमनाची व दुसरी प्रस्थानाची, हे उघड आहे. खरा प्रश्न एकट्या वेळांचा आहे, आणि येथे अशा तीन वेळा आहेत. मुंबईची वेळ प्रस्थानाची आणि सोलापूरची आगमनाची, हे त्यांच्या प्रारंभीच्या व अखेरच्या स्थानांवरूनच निश्चित होते. दादरची गोष्ट निराळी. मधल्या स्थानकापुढे एकच वेळ छापलेली असते तेव्हा ती सामान्यतः सुटण्याची असते, कारण प्रवाशाला गाडी कधी चुकेल हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणून २२.५० ही वेळ प्रस्थानाच्या रकान्यात जाईल. परंतु थांबा दोन मिनिटांचा असणार असे मानून आगमनाच्या रकान्यात २२.४८ लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे. ती वेळ मूळ मजकुरात नाही. आणि एकदा तक्त्यात बसली म्हणजे खरी वेळ कोणती व तर्काने घातलेली कोणती, हे पुढील वाचकाला कधीही कळणार नाही. मोकळा रकाना ही त्रुटी नसून तीही एक नोंदच आहे.

दुसरे संकट अधिक सूक्ष्म आहे. तास आणि मिनिटे यांच्यामध्ये टिंब देण्याची आपली जुनी रीत संगणकाच्या हिशेबतक्त्याला दशांश अपूर्णांकासारखी दिसते, आणि दशांशातील शेवटचे शून्य निरर्थक म्हणून तो ते गाळून टाकतो. दादरचे २२.५० हे २२.५ होते आणि पुढे कोणीतरी ते दहा वाजून पाच मिनिटे असे वाचतो. ही चूक तत्काळ उघडकीस येते, कारण गाडी मुंबईहून सुटण्यापूर्वीच दादरहून सुटली असे होते. लोणावळ्याचे १.१० हे १.१ होऊन एक वाजून एक मिनिट असे वाचले गेले, तरी प्रस्थान आगमनाच्या आधी येते आणि चूक सापडते. पुण्याचे २.१० मात्र २.०१ असे वाचले गेले तर क्रम कोठेही मोडत नाही. लोणावळा ते पुणे हे सुमारे ६४ किलोमीटर अंतर एक्कावन्न मिनिटांत तोडणे अशक्य नाही, आणि पुण्यासारख्या मोठ्या स्थानकावर गाडी चौदा मिनिटे थांबली तर कोणाला नवल वाटत नाही. वेळा उतरत्या क्रमाने पडत नाहीत ना, ही रुजवात आवश्यकच आहे. पण तिच्यातून निसटणारी चूक असते, म्हणून प्रत्येक वेळ आरंभापासून अक्षररूपाने, चार अंकी आणि अपूर्णविरामासह, म्हणजे ०२:१० अशी लिहावी हाच खरा बंदोबस्त होय.

क्रमाची ही कसोटी जेथे सर्वात अधिक उपयोगी पडते ती जागा मध्यरात्रीची. कल्याणहून २३.३८ ला सुटलेली गाडी कर्जतला ०.१८ ला पोहोचते. आकडा एकदम लहान होतो. घड्याळ वर्तुळाकार फिरते, प्रवास मात्र सरळ रेषेत पुढे जातो, आणि या दोहोंचा मेळ घालण्यासाठी तक्त्यात दिवसाचा एक स्वतंत्र रकाना लागतो. मुंबई ते कल्याण हा पहिला दिवस, कर्जतपासून पुढे दुसरा. याचा परिणाम केवळ हिशेबापुरता मर्यादित नाही. गाडी सोमवारी व गुरुवारी धावते असे वेळापत्रकाच्या माथ्यावर लिहिलेले असते तेव्हा ते वार आरंभस्थानकाचे असतात. पुण्याच्या प्रवाशाला तीच गाडी मंगळवारी व शुक्रवारी पहाटे मिळते. स्थानकवार तक्त्यात पुण्याच्या ओळीपुढे सोमवार-गुरुवार तसेच ठेवले, तर वेळ मिनिटापर्यंत बिनचूक असूनही प्रवासी चोवीस तास आधी फलाटावर येऊन उभा राहील.

क्रमाच्या उलट्या दिशेचाही एक प्रकार आहे. अनेक छापील वेळापत्रकांत स्थानकांची यादी एकच असते. डाउन गाड्या वरून खाली आणि अप गाड्या खालून वर वाचावयाच्या असतात. असा अप गाडीचा स्तंभ चिकटवला की वेळा सारख्या घटत जातात, आणि प्रत्येक जोडीत प्रस्थान वर व आगमन खाली येते. आकडा एकदाच घटला तर मध्यरात्र समजावी. पदोपदी घटत असेल तर संपूर्ण स्तंभ उलटा करावा.

यानंतर अंतर आणि वेळ यांचा भागाकार करून वेगाची पारख करता येते, पण तिला न्यायाधीश नव्हे, साक्षीदार मानावे. कर्जत ते लोणावळा हे सुमारे २८ किलोमीटर, आणि आपली गाडी त्यास अठ्ठेचाळीस मिनिटे घेते; म्हणजे ताशी पस्तीस किलोमीटर. दौंड ते कुर्डुवाडीच्या सपाटीवर ही गाडी याच्या दुपटीहून अधिक वेगाने जाते, म्हणून मार्गाशी अपरिचित मनुष्य या नोंदीत चूक काढील आणि ती ‘सुधारील’. तेथे बोरघाट आहे, सदतिसास एक असा चढ आहे आणि कर्जतला मागून जोर देणारी बँकर इंजिने जोडल्याखेरीज अशी गाडी तो चढ चढत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या मंद वेगातच नोंदीच्या खरेपणाचा दाखला पाहील. संशयास्पद नोंदीवर खूण करावी, मूळ कागदाशी ताडून पाहावे. केवळ संशयावरून आकडा बदलू नये.

एसटीच्या वेळापत्रकाला हीच रीत लावताना आधी एक भेद ओळखावा लागतो. बसस्थानकावरील फलकात गावाच्या नावापुढे ओळीने वेळा असतात त्या एका बसच्या निरनिराळ्या थांब्यांवरील नसतात, तर त्या एकाच स्थानकावरून सुटणाऱ्या निरनिराळ्या फेऱ्यांच्या असतात. ‘अमुक मार्गे’ या शब्दांनी मधले गाव कळते, त्या गावची वेळ कळत नाही. अशा मजकुराचा प्रामाणिक तक्ता म्हणजे सुटण्याच्या वेळांचा एकच भरलेला रकाना होय. आगमनाचा रकाना त्यात रिताच राहिला पाहिजे.

मूळ वेळापत्रकात चुकलेल्या नोंदीला शेजारच्या नोंदींचा आधार असतो. डोळा वरखाली फिरवून वाचक ती सावरून घेऊ शकतो. स्थानकवार तक्ता हा आधार काढून घेतो, कारण दौंडचा प्रवासी दौंडचीच ओळ वाचतो. म्हणून त्या एकाकी ओळीत वेळेबरोबर वारही असला पाहिजे, आणि जे मूळ मजकुराने सांगितलेले नाही ते सांगितलेले नाही हेही स्पष्ट दिसले पाहिजे.