दुःखाची ओळख करून देताना

पुण्यस्मरणाच्या कीर्तनाआधी कधी कधी घरातले एखादे माणूस गेलेल्याविषयी दोन शब्द बोलते. त्याला सभेपुढे आणणाऱ्याने काय सांगावे आणि काय राखावे, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा दिसतो. पण त्यात धर्माचा विचार आहे.

समजा, तरुण मुलगा कर्करोगाने गेला आणि वर्षाच्या दिवशी त्याची आई बोलणार आहे. सूत्रसंचालक उठून सांगतो, ‘ही धैर्याची मूर्ती, हिच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही.’ हेतू गौरवाचा. पण आता त्या माउलीने रडायचे कसे? पुढे तो दवाखान्याच्या फेऱ्या आणि शेवटची रात्रही सांगून टाकतो. मग तिने बोलावे काय? दुःख ही ज्याची त्याची ठेव आहे. मालकाला न विचारता ती उघडणे बरे नव्हे.

माउलींच्या समाधीचे वर्णन नामदेवरायांच्या अभंगांत आहे. तेथे निवृत्तिनाथांचा शोक झाकलेला नाही. ते गुरू, ते ज्ञानी. तरी ‘ज्ञान्याने रडू नये’ असे नामदेवराय त्यांना ऐकवत नाहीत. शोकाला जागा देणे हीच तेथली मर्यादा.

म्हणून आदल्या दिवशी घरी जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: मुलाचे नाव कसे घ्यावे, आजाराचा उल्लेख चालेल का, आणि कंठ दाटला तर काय करावे. टाळकऱ्यांनाही सांगून ठेवावे, की खूण होताच हलक्या आवाजात नाम धरा. मग सभेत एवढेच म्हणावे: ‘आज अमुकच्या आई आपल्याशी बोलणार आहेत. त्यांना जमेल तेवढे त्या बोलतील. मध्ये थांबल्या तर आपण त्यांच्याबरोबर थांबू. टाळ्या नकोत. रामकृष्ण हरी.’ आणि बाजूला व्हावे.

एक पेच उरतो. मरण आत्महत्येचे किंवा व्यसनाचे असले, तर घरचे म्हणतात, ‘अल्पशा आजाराने गेला असे सांगा.’ न सांगणे आणि खोटे सांगणे यांत अंतर आहे. ‘तो आपल्यातून गेला’ हे सत्य आहे आणि पुरेसेही आहे. खोटे कारण मात्र टाळावे. सभेत ते जाणणारा कोणी असतोच, आणि मग कुजबुज सुरू होऊन घरच्यांचे दुःख दुप्पट होते. उद्या आईलाच खरे बोलावेसे वाटले, तर त्या खोट्यामुळे तिची वाट अडते.

विणेकरी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, तेव्हा पाया पडतो आणि मागे सरतो. वीणा कशी वाजवावी हे तो सांगत बसत नाही. बोलणाऱ्याच्या हाती सभा देताना तेवढेच करावे.